फोन लागला, पण आवाज नाही

मेहकरहून पुण्याला फोन लावायचा तर पूर्वी एक्स्चेंज पुढच्या एक्स्चेंजला आकडे कळवायचं ते सुरांच्या जोड्यांनी, आणि तेही पुढे ज्या सर्किटवरून बोलायचं त्याच सर्किटवरून. एका आकड्याची पोच आली की दुसरा आकडा. यात काही सेकंद जात, आणि तेवढा वेळ सर्किट अडकून राही. पण त्यातून एक खात्री आपोआप मिळे: आकडे पोचले, म्हणजे आवाजाची वाट शाबूत आहे.

1980 साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या ‘सिग्नलिंग सिस्टम नंबर 7’ने निरोप आणि आवाज वेगळे केले. या पद्धतीत मेहकरचं एक्स्चेंज 64 किलोबिटच्या स्वतंत्र वाहिनीवरून ट्रंक एक्स्चेंजला एकच निरोप धाडतं. त्यात पुण्याचा पूर्ण नंबर असतो आणि ‘या कॉलसाठी अमुक क्रमांकाचं सर्किट धर’ असं लिहिलेलं असतं. अशी एक वाहिनी शेकडो सर्किटांचे निरोप सांभाळते. पलीकडचा फोन व्यस्त असेल तर सर्किट सोडण्याचा निरोप कारणासह परत येतो, आणि एंगेज टोन आपल्याच एक्स्चेंजमधून ऐकू येतो.

वेग मिळाला, पण ती खात्री हरवली. निरोपात सर्किटाचा फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकाची तार खरोखर तिथेच जोडली आहे का, हे निरोपाला ठाऊक नसतं. समजा, दुरुस्तीनंतर तीस-तीस सर्किटांच्या दोन केबलींची अदलाबदल झाली. दोन्ही केबली धडधाकट, म्हणून अलार्म वाजत नाही. निरोप बिनचूक पोचतात, पुण्यात घंटी वाजते, कोणी उचलतं, बिलही सुरू होतं. मेहकरला मात्र शांतता, किंवा भलत्याचंच बोलणं. जाणता कान हे आधीच ओळखतो: रिंगचा आवाज दूरच्या एक्स्चेंजमधून आवाजाच्या वाटेने येतो, त्यामुळे तोही ऐकू आलेला नसतो. पुन्हा लावल्यावर दुसरं सर्किट मिळतं आणि सारं सुरळीत होतं; म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लपू शकतो.

त्यावरचा उपाय मला फार अर्थपूर्ण वाटतो. पहिल्या निरोपातच सर्किट तपासण्याची मागणी करता येते. पलीकडचं एक्स्चेंज ते सर्किट वळवून परत जोडतं, अलीकडून सुमारे 2000 हर्ट्झचा सूर सोडला जातो, आणि तो परतला तरच पुण्याची घंटी वाजते. म्हणजे वाटेचा पुरावा हवा असेल तर सूर पुन्हा त्याच वाटेवर सोडावा लागतो.

डिजिटल सर्किटांवर ही तपासणी दर कॉलला सहसा करत नाहीत. मग उरतो नोंदींचा आधार. एखाद्या मार्गावरच्या ठरावीक तीस सर्किटांवर उचलल्यानंतर चार-पाच सेकंदांतच तुटलेले कॉल ढिगाने दिसले, तर आधी जोडणीच्या फलकाकडे जाऊन केबली बघाव्यात.