उच्चार नव्हे, आकलन

ग्राहकाशी थेट बोलावे लागणाऱ्या नोकरीसाठी उमेदवाराचे बोलणे तपासताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच गुणात मिसळल्या जातात. पहिली, त्याच्या बोलण्याची धाटणी ऐकणाऱ्याला किती वेगळी वाटली. दुसरी, ते समजून घ्यायला ऐकणाऱ्याला किती कष्ट पडले. तिसरी, प्रत्यक्षात किती समजले. मरे मन्रो आणि ट्रेसी डेरविंग या संशोधकांनी 1995 मध्ये या तिन्हींची वेगवेगळी मोजणी केली. मँडरिन मातृभाषा असलेल्या लोकांचे इंग्रजी बोलणे त्यांनी इंग्रजी श्रोत्यांना ऐकवले आणि जे ऐकू आले ते लिहून काढायला सांगितले. ज्या बोलण्याला श्रोत्यांनी ‘अतिशय परकी धाटणी’ असा शेरा दिला होता, त्यातले पुष्कळसे त्यांनी जसेच्या तसे, शब्दन् शब्द लिहून काढले होते. धाटणी ठळक असणे आणि बोलणे न समजणे यांत कार्यकारणसंबंध गृहीत धरता येत नाही, हे त्यावरून दिसले.

भारतातील कॉल सेंटरच्या भरतीत मात्र हे गृहीतच धरलेले असते. तिथे ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट’ नावाची फेरी असते आणि गुणपत्रिकेत ‘एमटीआय’, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, असा रकाना असतो. प्रभाव जास्त तेवढे गुण कमी. त्या प्रभावामुळे ग्राहकाचे नेमके काय अडले, हे त्या रकान्यात कुठेच नोंदले जात नाही. हा रकाना सुधारून उपयोग नाही; तो काढूनच टाकला पाहिजे.

परीक्षकाचा कान हे तटस्थ मोजमाप नाही, हे दुसरे कारण. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी 1992 मध्ये केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातील व्याख्यान ऐकवले. एका गटापुढे गोऱ्या बाईचे छायाचित्र होते, दुसऱ्यापुढे आशियाई चेहऱ्याच्या बाईचे. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना बोलण्यात परकी धाटणी ऐकू आली आणि व्याख्यानातले लक्षातही कमी राहिले, आवाज तोच असूनही. आपल्याकडे छायाचित्राचे काम आडनाव, गावाचे नाव आणि शाळेचे माध्यम करते. अर्जावर जिल्हा वाचल्यानंतर कान तो जिल्हा शोधू लागतात.

मराठीपुरते पाहिले तर हा पक्षपात अधिक जुना आणि अधिक सभ्य दिसणारा आहे, कारण तो ‘शुद्ध बोलणे’ या नावाखाली चालतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्याचे म्हणणे महाराष्ट्रात कोणाला कळत नाही असे होत नाही. तरी मुलाखतीत त्याचे गुण कापले जातात. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि ‘तपासतो आहे’च्या जागी ‘तपासून राहिलो’ येते. यवतमाळच्या बँक शाखेत येणाऱ्या ग्राहकाला त्यात खटकण्यासारखे काही नाही, कारण तो स्वतःही तसेच बोलतो. खटकते ते पुण्या-मुंबईहून आलेल्या परीक्षकाला. उलट, प्रमाण उच्चारांचा पण मराठी अंक न येणारा उमेदवार याच परीक्षकाच्या नजरेतून सहज सुटतो. मराठीत शंभरापर्यंतचे बहुतेक प्रत्येक अंकनाम स्वतंत्र शिकावे लागते. सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक बोलताना न डगमगणे हे खिडकीवरच्या कामाचे खरे भाषिक कौशल्य आहे. स्वच्छ ‘ळ’ त्याची जागा घेऊ शकत नाही.

स्थानिक भाषेची अट काही ठिकाणी औपचारिकही आहे. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएट पदासाठी उमेदवाराला निवडलेल्या राज्याची भाषा यावी लागते. दहावी किंवा बारावीला तो विषय असल्याची गुणपत्रिका दिली की भाषेच्या चाचणीतून सूट मिळते, इतरांना ती द्यावी लागते. सोय म्हणून हे ठीक आहे. पण दहावीचा मराठीचा पेपर लेखी असतो, आणि ऐकू कमी येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाला पेन्शन का थांबली हे समजावणे त्या पेपरात कधीच विचारलेले नसते.

चाचणी उभी करायची ती अशाच प्रसंगावर. निवृत्तिवेतनधारकाने दरवर्षी साधारण नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आला नाही तर पेन्शन थांबते. समजा, उमेदवाराला पाच बाबी लिहिलेले कार्ड दिले: पेन्शन कशामुळे थांबली, सोबत आधार कार्ड आणि पीपीओ क्रमांक आणायचा, दाखला शाखेत किंवा ‘जीवन प्रमाण’च्या ऑनलाइन सोयीतून देता येतो, थकलेली रक्कम बुडत नाही आणि दाखल्यानंतर खात्यात जमा होते, ती रक्कम 5967 रुपये आहे. त्याने हे दुसऱ्या खोलीतल्या श्रोत्याला फोनवर मराठीत समजावून सांगायचे. श्रोत्याला कार्ड दाखवायचे नाही. त्याने संवाद संपल्यावर काय कळले ते लिहायचे, आणि गुण द्यायचे ते त्या लिहिलेल्या कागदाला. पाचपैकी किती बाबी बरोबर पोहोचल्या, हा पहिला आकडा. किती वेळा पुन्हा विचारावे लागले आणि त्या वेळी उमेदवाराने वेगळ्या शब्दांत सांगितले की तेच मोठ्याने म्हटले, ही दुसरी नोंद. उच्चारांसाठी रकाना नाही.

अशा चाचणीला बसलेले दोन काल्पनिक उमेदवार घेतले तर फरक स्पष्ट होतो. यवतमाळचा उमेदवार म्हणतो, “काका, दाखला आला नाही ना, म्हणून पेन्शन थांबून राहिली. पैसे कुठं जात नाहीत, पाच हजार नऊशे सदुसष्ट जमा होतीन.” पुण्याच्या इंग्रजी माध्यमातला उमेदवार म्हणतो, “तुमचं लाइफ सर्टिफिकेट सबमिट झालेलं नाही, त्यामुळे पेन्शन होल्डवर आहे. एरिअर्स फाइव्ह थाउजंड नाइन सिक्स्टी सेव्हन क्रेडिट होतील.” कानाने गुण देणारे मंडळ दुसऱ्याला वर ठेवण्याचीच शक्यता अधिक. श्रोता सत्तरीतला शेतकरी असेल तर त्याच्या कागदावर पहिल्याने इथे सांगितलेल्या तिन्ही बाबी उतरतील. दुसऱ्याचे ‘होल्ड’, ‘एरिअर्स’ आणि रक्कम या तिन्ही जागा कोऱ्या किंवा चुकीच्या राहतील. दुसऱ्याच्या उच्चारात दोष नाही. त्याने समोरच्याला पाहून शब्द निवडले नाहीत, आणि हा दोष मोजता येण्याजोगा आहे.

इंग्रजीसाठीही हीच रीत, पण तिथे अडचणी वेगळ्या जागी सापडतात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मराठी माणूस एकाच ‘व’ने उच्चारतो, संदर्भ असताना त्याने क्वचितच काही अडते. अडते ते आघातामुळे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत आघात हलला की पंधरा आणि पन्नास यांची अदलाबदल होते. भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेचा अभ्यास करणाऱ्या आर. के. बन्सल यांनीही 1969 च्या आपल्या पुस्तकात शब्दांवरच्या आघाताकडे बोट दाखवले होते. यवतमाळच्या उमेदवाराने चेन्नईच्या ग्राहकाला ‘फिफ्टीन’सारखे ऐकू येणारे ‘फिफ्टी’ सांगितले तर त्याची एक बाब चुकली, आणि ती चूक मोजलीच पाहिजे. उच्चारांबाबत पक्षपात न करणे म्हणजे अशी चूक झाकणे नव्हे. मात्र त्याने लगेच ‘फाइव्ह झीरो’ असे अंक फोडून सांगितले आणि ग्राहकाकडून वदवून घेतले, तर बाब पोहोचली असेच धरायचे. जुन्या पद्धतीची टेलिफोन वाहिनी साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज नेते. त्यात ‘एफ’ आणि ‘एस’ कोणाच्याही तोंडून सारखेच ऐकू येतात. म्हणून फोनवर ‘एस फॉर सोलापूर’ म्हणणारा उमेदवार अस्खलित पण न थांबणाऱ्या उमेदवारापेक्षा कामाला अधिक योग्य.

धाटणीला मोकळीक देऊनही कडक राहता येते याचा नमुना विमानवाहतुकीत आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या इंग्रजी मोजपट्टीत सहा पातळ्या आहेत. सर्वोच्च पातळीवरही उच्चारांत मातृभाषेचा किंवा प्रदेशाचा प्रभाव असू शकतो असे मान्य केले आहे. अट एवढीच की त्याने समजण्यात जवळजवळ कधीच अडथळा येऊ नये. विमानतळाच्या मनोऱ्याला जी सवलत परवडते ती बँकेच्या खिडकीला परवडू नये, हे पटण्यासारखे नाही.

निव्वळ मतावर निर्णय सोडला की काय होते हे होनोलुलूच्या एका खटल्यात दिसते. मॅन्युएल फ्रॅगांते या फिलिपिनो गृहस्थांनी 1981 मध्ये तिथल्या वाहन परवाना कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली आणि 721 परीक्षार्थींत ते पहिले आले. काम खिडकीवरचे आणि फोनवरचे होते. छोट्या मुलाखतीनंतर त्यांच्या उच्चारांचे कारण पुढे करून जागा दुसऱ्यांना दिली गेली. 1989 मध्ये अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. संवादक्षमता ही या कामाची रास्त गरज आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. तत्त्व बरोबरच आहे. पण ती क्षमता ठरली मुलाखतकारांच्या मतावरून. खिडकीपलीकडच्या माणसाला त्यांचे बोलणे किती कळले असते, हे निवडीत मोजले गेले नव्हते.

मोजणीतही फसगत होते. सर्वांत नेहमीची म्हणजे श्रोत्याला उत्तर आधीच पाठ असणे. चौथ्या उमेदवारापर्यंत त्याला 5967 ऐकावे लागत नाही, आठवते. म्हणून प्रत्येक संवादात रक्कम, तारीख, कागदपत्रे बदलावी लागतात आणि एका श्रोत्याला एका प्रसंगाचे मोजकेच संवाद द्यावे लागतात. प्रत्येक संवादाचे ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या भागांतल्या दोन श्रोत्यांनी नाव-गाव न कळता ऐकावे; दोघांच्या कागदांत एकापेक्षा जास्त बाबींचा फरक आला तर तिसऱ्याने. श्रोत्यांची निवड शाखेच्या ग्राहकांशी जुळणारी हवी, कारण कानाला सवय असलेली धाटणी लवकर कळते. अमरावतीच्या शाखेसाठी फक्त पुणेकर श्रोते ठेवले तर मोजला जाईल तो पुणेकरांचा अपरिचय. उतारा वाचून दाखवणे आणि ‘स्वतःविषयी सांगा’ हे दोन्ही वगळावेत. पहिल्यात वाचन तपासले जाते, दुसऱ्यात पाठांतर.

उत्तीर्णतेची रेषाही अंदाजाने ओढू नये. खिडकीवर आज चांगले काम करणारे, वेगवेगळ्या भागांतले कर्मचारी आधी हीच चाचणी देतात. त्यांचे गुण जिथे पडतात तिथे रेषा. काही भरत्या झाल्यावर गुण जिल्हावार मांडून पाहावेत. एखाद्या भागातल्या उमेदवारांच्या पोहोचलेल्या बाबी इतरांइतक्याच, पण ‘ऐकायला कष्ट पडले’ असे शेरे त्यांनाच जास्त, असे दिसले तर तिथे श्रोत्यांचा कान गुण देतो आहे. ते शेरे निवडीतून काढावे लागतात. बाबीच कमी पोहोचत असतील तर कोणत्या, हे कागदांवरून कळते. त्या बहुधा रकमा आणि तारखा असतात, आणि त्या नीट सांगण्याचा सराव नेमणुकीनंतरही देता येतो.