आडात असेल तर

भोरच्या आमच्या घरात आत्याचा टीव्ही मागच्या खोलीत आहे. घर चौकाभोवती बांधलेलं. रस्त्याकडचा सोपा, उजव्या अंगाला माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं आत्याची खोली. फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून येते आणि सोप्यातच थांबते. ती बसवायला आलेल्या मुलानं राउटर दाराशेजारच्या देवळीत ठेवून दिला. जागा नीटनेटकी दिसते, घरातल्यांच्या हाताला लागत नाही, धूळही कमी बसते. फक्त त्या देवळीला तीन बाजूंनी दोन-दोन फुटांची भिंत आहे.

आत्याला क्रिकेट बघायचं असतं. जुने सिनेमे तिच्या टीव्हीवर बरे चालायचे, सामना मात्र दर पाचव्या मिनिटाला अडकायचा आणि पडद्यावर गोल फिरत राहायचं. तिचा निष्कर्ष असा, की सामन्यालाच कुणीतरी दृष्ट लावतंय. खरं कारण साधं होतं. सिनेमा आधीच तयार असतो, त्यामुळे टीव्ही पुढची काही मिनिटं उतरवून साठवून ठेवतो आणि मधे रेंज गेली तरी साठ्यावर निभावून नेतो. सामना आत्ता घडतोय, तेव्हा पुढचं साठवायला काही नसतंच. काही सेकंदांची शिल्लक असते, तेवढी संपली की गोल सुरू. म्हणून दूरच्या खोलीतली जोडणी तपासायची असेल तर सिनेमा लावून तपासू नये, थेट प्रक्षेपण लावावं.

मी पुण्याहून मेशचे दोन डबे घेऊन आलो. एक राउटरला जोडला आणि दुसरा थेट आत्याच्या टीव्हीशेजारी ठेवला. जिथं दुखतं तिथंच मलम लावायचं, एवढाच त्यामागचा विचार. टीव्हीच्या सेटिंगमध्ये रेंजच्या सगळ्या दांड्या भरल्या. आत्या खूश झाली, मीही झालो. संध्याकाळी सामना पुन्हा अडकला.

"अरे, दांड्या तर पूर्ण आहेत की," आत्या म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण टीव्ही ज्या दांड्या दाखवतो त्या टीव्ही आणि शेजारचा डबा यांच्यातल्या असतात. त्या डब्याला सोप्यातून किती मिळतंय, हे टीव्हीला ठाऊकच नसतं. हातभर अंतरावरच्या डब्याचं त्याला खणखणीत ऐकू येत होतं आणि त्या डब्याला स्वतःला मात्र तीन भिंतींपलीकडची कुजबुज कानावर पडत होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. त्या दिवशी ती मेशच्या अ‍ॅपवर आकड्यात दिसली. दोन डब्यांमधली रेंज उणे ८४.

हे उणे आकडे एकदा समजले की पुढचं सोपं जातं. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. राउटरच्या खोलीत उणे ४० च्या आसपास दिसतं. उणे ६५ पर्यंत टीव्हीचं काम निर्धास्त चालतं, उणे ७० च्या खाली कुरकुर सुरू होते आणि उणे ८० ला नावापुरती जोडणी उरते. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, त्यामुळे ६१ आणि ८४ यांतला फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा, जवळजवळ दोनशे पटींचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुसरा डबा बंद केला आणि मोबाइलवर रेंज दाखवणारं अ‍ॅप लावून घरभर फिरलो. डबा बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर मोबाइल गुपचूप त्याच्याशी जोडला जातो आणि आपण भलतीच रेंज मोजत बसतो. फिरताना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बघत होतो, कारण दोन डब्यांमधली मुख्य वाहतूक त्यावरून व्हावी अशी इच्छा. २.४ चा पट्टा भिंतींतून जास्त पार जातो खरा, पण त्यावर गर्दी फार आणि घरातला मायक्रोवेव्हही तिथंच आवाज करतो. माजघरात उणे ६२. स्वयंपाकघरात उणे ७६. आत्याच्या खोलीत ५ चा पट्टा जवळपास बुडालेला.

मग वाटलं, डबा माजघरात ठेवू. तिथं त्याला सोप्यातून छान ऐकू येत होतं, पण तिथून आत्याच्या खोलीकडं जायला स्वयंपाकघराच्या दोन्ही भिंती आडव्या येत होत्या, शिवाय वाटेत फ्रिज आणि भांड्यांची लोखंडी मांडणी. बरं, भिंत सरळ ओलांडणं वेगळं आणि तिरकी ओलांडणं वेगळं. माजघराच्या ज्या कोपऱ्यात प्लग होता तिथून लहर भिंतीवर इतकी तिरकी पडत होती, की दोन फुटांच्या भिंतीतून तिला चारेक फूट कापावे लागत असावेत. नव्या फ्लॅटच्या सहा इंची भिंतीला हे सोसतं. माती-विटांच्या जाड भिंतीला नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच. आमच्याकडं जुलैत भिंत हाताला ओली लागते. ओल्या भिंतीत लहर जास्त विरते, त्यामुळे मे महिन्यात जेमतेम चालणारी मांडणी आषाढात हमखास पडते.

उपाय सुचला तो चौकात उभं राहून वर बघताना. डाव्या अंगाला माडी आहे, तिची खिडकी चौकाकडं उघडते. त्या खिडकीतून सोप्याची उघडी बाजू दिसते आणि समोर तिरपी आत्याच्या खोलीची खिडकीही दिसते. लहान असताना आम्ही टीव्हीचा अँटेना फिरवायला याच माडीवरून कौलांवर चढायचो. पुण्याचं चित्र सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून यायचं. मधे डोंगर आला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण तेव्हा एक गोष्ट कुणाला सांगावी लागत नसे. टीव्ही कुठं ठेवलाय त्याच्याशी अँटेनाचा काही संबंध नसायचा. जिथं चित्र पकडता येतं तिथं, म्हणजे घरातल्या सर्वांत उंच जागी, अँटेना जायचा आणि तिथून वायर खाली खोलीत यायची. "आलं का?" "आलं होतं, गेलं, जरा मागं घे." तीच माणसं आज डबा टीव्हीला चिकटवून ठेवतात, त्यात मीही आलो. वायर गेली तसा जागेचा विचारही गेला.

आधी राउटर देवळीतून काढून सोप्याच्या खांबाला टांगला. दुसरा डबा माडीच्या खिडकीच्या कट्ट्यावर, गजांपासून वीतभर बाजूला ठेवला. दोघांमधली रेंज उणे ५९ झाली. आत्याच्या खोलीत डब्याकडून उणे ६६ मिळू लागलं. आमची लाइन १०० एमबीपीएसची. टीव्हीशी आधी चार ते नऊ मिळत आणि तेही खालीवर व्हायचं. आता पंचेचाळीसच्या आसपास स्थिर राहिलं. निम्मंच का, तर या साध्या डब्यात ऐकायला आणि पुढं सांगायला एकच रेडिओ आहे. तो एका वेळी एकच काम करतो, म्हणून वाटेतल्या प्रत्येक डब्यापाशी वेग साधारण अर्धा होतो. एचडी सामन्याला पाच-सात एमबीपीएस पुरतात, तेव्हा या अर्ध्याचं दुःख नव्हतं. पण याच कारणानं तिसरा, चौथा डबा साखळीत जोडत गेलं की काम सुधारण्याऐवजी बिघडतं.

नुसत्या वेगावर विसंबू नये म्हणून लॅपटॉप टीव्हीच्या जागी ठेवून राउटरला हाका मारल्या:

```
ping -t 192.168.1.1
```

उत्तरं ३, ४, ३, ५ मिलिसेकंदांत येत राहिली. डबा खोलीत होता तेव्हा हीच उत्तरं ४, ७, २१०, मग एखादं हरवलेलं, अशी यायची. ही हाक घराबाहेर जात नाही, म्हणून ती अडखळली तर दोष घरातल्या मांडणीचा. ती सुरळीत असूनही सामना अडकला तर मात्र बाहेरच्या लाइनवाल्याला फोन करायला आपण मोकळे. आधी मी हे न बघताच दोनदा फोन करून बिचाऱ्याला बोलावलं होतं.

वेल्ह्याला, म्हणजे आता राजगड तालुका म्हणायचं, तोरण्याच्या पायथ्याशी माझा चुलतभाऊ राहतो. त्याच्याकडं फायबर नाही, सिमवर चालणारा राउटर आहे. त्यानंही तो टीव्हीखालच्या कपाटात ठेवला होता, पत्र्याच्या कपाटात. त्याला म्हटलं, सिमचा राउटर घेऊन माळ्यावर जा आणि खिंडीकडच्या झरोक्यात ठेव, मग तिथून खाली मेशचा डबा लाव. त्याची भावकी अजून हसते, की इंटरनेट माळ्यावर आणि कांदेही माळ्यावर. पण टीव्ही चालतो.

आमच्याकडं एक दुखणं नंतर कळलं. वळवाचा पाऊस आला की भोरला लाइट जाते. सोप्यातला राउटर इन्व्हर्टरवर होता, माडीवरचा प्लग नव्हता. लाइट आल्यावर टीव्ही मिनिटभरात उठतो आणि माडीवरच्या डब्याला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात टीव्ही जे ऐकू येईल ते धरतो, म्हणजे थेट सोप्यातला २.४ चा क्षीण आवाज. आणि एकदा धरलं की सोडत नाही. मोबाइल हातात फिरतो, बरी जागा शोधत राहतो. टीव्ही जागचा हलत नाही, तसा त्याचा हट्टही हलत नाही. माडीवर डबा ठणठणीत चालू, खाली सामना अडकलेला, आणि मी पुण्यात बसून फोनवर विचारतोय, दांड्या किती?

गेल्या खेपेला इन्व्हर्टरची एक वायर माडीपर्यंत ओढून आणली. तोपर्यंत आत्यानं तिची पद्धत बसवली होती. लाइट आली की ती आधी गॅसवर चहा ठेवायची, तो उकळून गाळला की मग टीव्हीचं बटण दाबायची. वायर आली तरी चहा काही थांबलेला नाही.