अडतीस फॉर्म आणि एक अर्ज

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने विषय बदलून मागितला की विभागप्रमुखांना पहिली शंका येते ती त्याच्या चिकाटीची. मला वाटतं, शंका घ्यायचीच तर असा अर्ज कधीच न करणाऱ्यावर घ्यावी. निदान सुरतेत, लूमवरच्या मजुरीचा अभ्यास करणाऱ्यांच्या बाबतीत तरी.

उदाहरण म्हणून एक विद्यार्थिनी घेऊ. घर लिंबायतला, आईवडील खानदेशातून आलेले. विषय मंजूर झाला आहे: यंत्रमाग कामगारांचे कामाचे तास आणि मजुरी. दीडशे कारागिरांच्या मुलाखती ठरल्या होत्या, चार महिन्यांत हाती आले अडतीस फॉर्म. त्यातले एकतीस एकाच मुकादमाच्या ओळखीने भरलेले.

आकडा लहान आहे हे दुखणं नव्हेच. फॉर्म शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकतीसही जणांचे कामाचे तास बारा, आणि महिन्याची कमाई दोन-तीन ठरावीक आकड्यांतच फिरते. आता लूमवर पैसे मिळतात मीटरवर. कोणाच्या मागावर धागा जास्त तुटतो, कोणाचे चार दिवस गावी जातात, कुठे बीम वेळेवर येत नाही. शेजारच्या दोन मागांवरच्या माणसांची कमाईसुद्धा सहसा तंतोतंत जुळत नाही. ती एकतीस जणांची जुळली, म्हणजे उत्तर मुकादमाचं आहे, सही तेवढी कारागिराची. उरलेले सात जण दिवसा घरी सापडले. पण दोन पाळ्यांच्या गावात दिवसा घरी सापडणारा माणूस एकतर रात्रपाळी करून झोपेतून उठवलेला, नाहीतर आजारी, नाहीतर काम सुटलेला. म्हणजे तेही प्रातिनिधिक नाहीत. हजेरीपटावरून नावं काढावीत म्हटलं, तर कित्येक कारखान्यांत दाखवण्याजोगा हजेरीपटच नसतो.

अशा वेळी तिने अर्जात काय लिहावं? बहुतेक अर्जांत एकच ओळ असते: ‘अपरिहार्य कारणास्तव माहिती उपलब्ध होऊ शकली नाही.’ या ओळीवर कोणताही प्रमुख नकारच देईल आणि ते योग्यच होईल. माहिती मिळाली नाही याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. प्रश्नावली चुकली असेल तर ती बदलावी, विषयाला हात लावू नये. वाट चुकली असेल, म्हणजे कारखान्याच्या दारातून गेल्यामुळे सगळं बंद झालं असेल, तर वस्तीतून जावं. वस्तीतूनही कारागीर भेटतच नसेल किंवा मोकळं बोलणं त्याच्या पोटावर येत असेल, तरच विषय बदलण्याची गोष्ट काढावी. आपण यातल्या कुठल्या पायरीवर आहोत, हे तिने त्या एकतीस फॉर्मांसकट मांडलं पाहिजे.

आणि विषय बदलायचा म्हणजे पाटी पुसून ग्रंथालयातल्या एखाद्या सुरक्षित विषयाकडे वळायचं, असंही नाही. कारागिराची वाट पाहत ती ज्या घरांत बसली, तिथे बायका साड्यांना लेस लावत होत्या, टिकल्या चिकटवत होत्या, नगावर पैसे घेत होत्या. त्या दुपारी घरी असतात, बोलतात. किती साड्या आल्या, किती परत गेल्या, कशाचे पैसे कापले हे त्यांना पाठ असतं. लूमवरची मजुरी महिनाभर का पुरत नाही, हेही त्याच बोलण्यात येतं. नवा विषय तिला त्याच गल्लीत सापडतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६०च्या दशकात दक्षिण गुजरातच्या खेड्यांत शेतमजुरांचा अभ्यास करायला आले आणि पुढच्या कित्येक दशकांत मजुरांच्या मागोमाग सुरतेच्या लूमपर्यंत पोचले. माणसं जिकडे गेली तिकडे त्यांचा अभ्यास गेला.

कार्यपद्धतीची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे संशोधनाचा विषय निश्चित करण्याचं आणि प्रगती तपासण्याचं काम संशोधन सल्लागार समितीचं आहे. अर्ज मार्गदर्शकांच्या शिफारशीने त्या समितीपुढे गेला की ‘सर, एवढं करून द्या’ अशी विनवणी उरत नाही, प्रश्न शैक्षणिक होतो. खरी अडचण वेळेची. नियमात किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत, आणि विषय बदलला म्हणून हे घड्याळ मागे जाईल असं धरून चालू नये. दुसऱ्या वर्षात केलेला अर्ज आणि पाचव्या वर्षातला अर्ज यांत म्हणूनच जमीनअस्मानाचा फरक.

नकाराने काय होतं, हे खाजगीत सगळेच जाणतात. विद्यार्थी घरी बसून उरलेले एकशे बारा फॉर्म भरतो. कमाईचे आकडे थोडे खालीवर करतो, सरासरी काढतो, तक्ता सुबक येतो. मुकादमाने एकतीस जणांची उत्तरं दिली होती, हा सगळ्यांची देतो. तोंडी परीक्षेत कोणी विचारत नाही. शिस्त राखल्याचं समाधान प्रमुखांना मिळतं आणि कोणीही न सांगितलेली मजुरी प्रबंधात छापली जाते.

प्रमुखांचा एक आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. लूमच्या अर्थशास्त्रातल्या मार्गदर्शकाला बायकांच्या घरबसल्या कामाच्या मजुरीवर मार्गदर्शन जमेलच असं नाही. तसं असेल तर समितीने त्याच बैठकीत सहमार्गदर्शकाचं नाव सुचवावं, आणि ते अडतीस फॉर्म नव्या प्रबंधात पद्धतीवरच्या प्रकरणात छापायला सांगावे, मुकादमासकट.