पहिला सामना आणि मालिकेचं गणित

पाच सामन्यांची मालिका सुरू झाली की दूरचित्रवाणीवर एक कोष्टक हमखास झळकतं: आजवर पहिला सामना जिंकणाऱ्या संघाने इतक्या मालिका जिंकल्या, हरणाऱ्याने इतक्याच. आकडा बहुतेक दहात सातच्या आसपास असतो. त्यावर समालोचक सांगतात की पहिल्या विजयाने प्रतिस्पर्ध्यावर दडपण येतं, जिंकणाऱ्याला लय सापडते, म्हणून पहिला सामना निर्णायक. आकडा खरा असतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष त्या आकड्यात कुठेच नसतो. दोन अगदी तुल्यबळ संघ घ्या. त्यांना मनच नाही, दडपण नाही, लय नाही, प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक असं समजा. तरीही पहिला सामना जिंकणारा संघ १६ पैकी ११ वेळा, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के वेळा, मालिका जिंकेल. एक विजय पदरात पडल्यावर त्याला उरलेल्या चारांत दोनच हवेत, समोरच्याला तीन. दहात सात हा आकडा दडपणाचा पुरावा नाही. दडपण मुळीच नसतं तर किती आकडा आला असता, ते तो सांगतो.

हे गणित ३७० वर्षांहून जुनं आहे आणि पाच सामन्यांच्या मालिकेवरच ते पहिल्यांदा मांडलं गेलं, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १४९४ मध्ये गणिती पाचोलीने अर्धवट सोडलेल्या खेळातली पणाची रक्कम आतापर्यंत जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटावी असं सुचवलं. १५५६ मध्ये तार्ताल्याने त्यातली खोट दाखवली: एकच डाव झाला असेल तर या नियमाने सगळी रक्कम तो जिंकणाऱ्याला मिळते, आणि हे उघड अन्यायाचं आहे. पण त्याच्याजवळही पटणारं उत्तर नव्हतं, त्याने तो प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचाच मानला. मग १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला. तिथून पुढची कहाणी शाळा-महाविद्यालयांतून माहीत असते: दोघांनी भविष्य मोजायला शिकवलं आणि संभाव्यता जन्मली. माझ्या मते इथेच वाचनाची चूक होते. त्यांनी नवं काय केलं, तर भूतकाळ सोडून दिला. पाचोली विचारत होता, कोणी किती जिंकलं. पास्काल आणि फर्मा विचारत होते, कोणाला अजून किती हवेत. कोणता डाव आधी झाला, कसा झाला, कोण थकला, कोण उसळून उठला, याला त्यांच्या हिशेबात जागाच नाही. आजचं कोष्टक वाचताना समालोचक नकळत पुन्हा पाचोलीकडे जातात.

२९ जुलै १६५४ च्या पत्रातला पास्कालचा नमुना बघण्यासारखा आहे. दोघांनी प्रत्येकी ३२ पिस्तोल, म्हणजे सोन्याची नाणी, लावली आहेत आणि जो आधी तीन डाव जिंकेल त्याला ६४ मिळणार आहेत. हीच पाच सामन्यांची मालिका. पास्काल शेवटाकडून मागे येतो. समजा २-१ अशी स्थिती आहे. पुढचा डाव आघाडीवाल्याने जिंकला तर ६४ त्याचे, हरला तर २-२ होऊन ३२ त्याचे. म्हणजे ३२ तर त्याच्या हातचे, उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क, म्हणून त्याचे ४८. आता २-० घ्या. जिंकला तर ६४, हरला तर आत्ताच काढलेले ४८. मधला आकडा ५६. आणि १-० असेल तर जिंकून ५६, हरून बरोबरीचे ३२, मधला आकडा ४४. ६४ पैकी ४४ म्हणजेच १६ पैकी ११. आपल्या पडद्यावरचं ६९ टक्के पास्कालच्या पत्रात नाण्यांच्या रूपात आधीच मोजून ठेवलेलं आहे.

फर्माची रीत वेगळी होती. एकाला दोन डाव हवेत, दुसऱ्याला तीन, तर जास्तीत जास्त चार डावांत निकाल लागणारच. मग चारही डाव खेळले असं धरा आणि सोळाच्या सोळा शक्यता लिहून काढा. अकरांत पहिल्याचे दोन किंवा अधिक विजय आहेत, पाचांत नाहीत. यावर पॅरिसचे गणिती रोबेरव्हाल यांनी हरकत घेतली: पहिल्याने लागोपाठ दोन जिंकले तर खेळ तिथेच संपतो, चार डाव होतच नाहीत, मग न होणारे डाव मोजायचे कसे? २४ ऑगस्टच्या पत्रात पास्कालने उत्तर दिलं की निकाल लागल्यावर ते दोघे हौसेने आणखी खेळत राहिले तर कोणाचं काय बिघडतं? आधी कोण पोचला ते बदलत नाही, म्हणून मोजणीही चुकत नाही. पाठ्यपुस्तकं याला मोजणी सोपी करण्याची युक्ती म्हणून पुढे सरकतात. मला ती त्याहून बरीच मोठी वाटते, कारण क्रिकेटमध्ये हे काल्पनिक डाव खरोखर खेळले जातात. मालिका ३-० झाली तरी चौथा, पाचवा सामना होतो, औपचारिक लढत म्हणून. रोबेरव्हाल आज असते तर म्हणाले असते की त्या लढतींत मुख्य गोलंदाजांना विश्रांती देतात, नवख्यांना उतरवतात, म्हणजे जिंकण्याची शक्यता तीच राहत नाही. हे खरं आहे, पण मालिका कोणाची याच्या हिशेबाला त्याने धक्का लागत नाही, कारण त्या लढतींचं पारडं कुठेही झुकलं तरी तीन विजय आधीच झालेले असतात. धक्का लागतो तो ५-० आणि ४-१ या निकालांवरून संघाचं बळ जोखणाऱ्याला. तिथे औपचारिक सामने बाजूला काढल्याशिवाय घोडं पुढे जात नाही.

पुढचा टप्पा याकोब बर्नुलीचा. १७०५ मध्ये ते गेले आणि १७१३ मध्ये त्यांचा ग्रंथ छापला गेला. त्याला टेनिसच्या जुन्या प्रकारावरचं एक पत्र जोडलेलं आहे. फाशाची शक्यता फाशाच्या आकारावरून कळते, खेळाडूची तशी कळत नाही, ती झालेले खेळ पाहूनच अजमावावी लागते, हे त्यांनी तिथे मांडलं. त्याच वर्षी मोंमोरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत असमान बळाच्या खेळाडूंचं सूत्र आलं. प्रत्येक सामन्यात ६० टक्के शक्यता असलेला संघ मालिका ६८ टक्क्यांनी जिंकतो, ७० टक्क्यांचा संघ ८४ टक्क्यांनी. मालिका बलवानाला थोडं आणखी झुकतं माप देते, एवढंच.

इथे एक रास्त आक्षेप येतो. संघ क्वचितच तुल्यबळ असतात आणि पहिला सामना बहुधा बलवानच जिंकतो. मग ६९ ऐवजी आकडा वर जायला हवा, आणि तो वर गेला तर दडपण खरंच आहे असं का म्हणू नये? आकडा वर जातो हे खरं. ६०-४० च्या जोडीत पहिला सामना जिंकणारा ७० टक्के वेळा मालिका जिंकतो, ७०-३० च्या जोडीत ७५ टक्के. पण ही वाढ बळातल्या फरकाची आहे, तिथे मनाचा लवलेश नाही. म्हणून ७५ टक्के पाहून दडपण सिद्ध झालं म्हणता येत नाही. ३-० चे निकाल जास्त दिसले म्हणूनही नाही, कारण विषम जोड्या आणि खरीखुरी लय, दोन्ही ३-० चं प्रमाण सारखंच वाढवतात. नुसत्या निकालावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

वेगळ्या करायच्या तर क्रम पाहावा लागतो. ३-१ वर निकाल लागलेल्या मालिकाच घ्या. हरलेल्या संघाचा एकमेव विजय पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या सामन्यात असणार. चौथ्यात तो असूच शकत नाही, कारण मग मालिका तिसऱ्यातच संपली असती. शक्यता ठरलेली असेल तर या तिन्ही क्रमांची किंमत एकच: तीन विजय आणि एक हार, गुणाकार तोच, फक्त मांडणी निराळी. जोडी ५०-५० असो वा ८०-२०, प्रत्येक क्रम एक तृतीयांश वेळा यायला हवा, आणि शंभर वेगवेगळ्या जोड्यांच्या मालिका एकत्र केल्या तरी हे प्रमाण मोडत नाही. पहिल्या विजयाचं दडपण खरं असेल, तर पहिला सामना जिंकूनही १-३ ने हरणारे संघ एक तृतीयांशापेक्षा कमी निघतील. संघांच्या बळाचा अंदाज न बांधता घेता येणारी ही कसोटी आहे. याच तर्काने पाचव्या सामन्यात ३-२ ने निकाल लागलेल्या मालिकांत पहिला सामना मालिका जिंकणाऱ्याने जिंकला असण्याची शक्यता निम्मी, ना कमी ना जास्त.

ही कसोटी वर्धा जिल्ह्यातही लावता येईल. व्हॉलीबॉलचा पाच सेटचा सामना ही मालिकाच आहे, आणि हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या मैदानांवर खेळल्या जाणाऱ्या सामन्यांच्या गुणपत्रकांत सेटचा क्रम नोंदलेला असतो. पाचवा सेट २५ ऐवजी १५ गुणांचा असतो, तो हिशेब बिघडवतो, पण ३-१ च्या सामन्यांत तो येतच नाही, म्हणून तेच घ्यावेत. मात्र घाई नको. असे ३० सामने जमवले तर अपेक्षा १० ची, आणि निव्वळ योगायोगाने ५ ते १५ मधलं काहीही येऊ शकतं. ३०० जमवले तर अपेक्षा १०० ची, आणि साधारण ८४ च्या खाली किंवा ११६ च्या वर गेल्यावरच काही म्हणावं. क्रिकेटमध्ये अडचण आणखी एक, की प्रत्येक सामन्याची खेळपट्टी निराळी. यजमानांनी पहिल्या सामन्याला मुद्दाम सोयीचं मैदान निवडलं तर क्रमाची समता तिथेच मोडते. कसोटी मालिकेत अनिर्णित सामन्यांमुळे हा हिशेब असाच्या असा बसत नाही.

वर्ध्याहून नागपूरला जाताना लागणाऱ्या जामठ्याच्या मैदानावर ५ मार्च २०१९ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय मालिकेतला दुसरा सामना झाला. कोहलीच्या ११६ धावांसह भारताने २५० केल्या. ऑस्ट्रेलियाला शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, विजय शंकरने पहिल्याच चेंडूवर स्टॉइनिसला आणि त्यानंतर झाम्पाला बाद केलं आणि भारत ८ धावांनी जिंकला. मालिका २-० झाली. त्या रात्री दोन्ही संघ तुल्यबळ धरले तरी पास्कालच्या नाण्यांनी भारताचा वाटा ६४ पैकी ५६ होता आणि ऑस्ट्रेलियाचा ८. मग रांची, मोहाली आणि दिल्लीत ऑस्ट्रेलियाने लागोपाठ तीन सामने जिंकले. मालिका ३-२ ने त्यांच्याकडे गेली आणि लय फिरल्याचं सांगितलं गेलं. पाचव्या सामन्यात ३-२ ने निकाल लागला तर जिंकणाऱ्या संघाच्या विजयांचे सहा क्रम संभवतात, आधी दोन हार आणि मग तीन विजय हा त्यातला एक, बाकीच्या पाचांइतकाच संभवनीय. २-० च्या स्थितीनंतर आठात एकदा हे व्हायचंच, आणि जामठ्याच्या शेवटच्या षटकातले दोन चेंडू वेगळे पडले असते तर रांचीला जाताना मालिका १-१ असती, आणि दोघांचे वाटे ३२-३२.