कोपऱ्याचा जमाखर्च

जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली उष्णतेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातल्या प्रसिद्ध समीकरणाची सुरुवात साध्या हिशेबाने झाली होती. घन पदार्थाचा एक इवलासा तुकडा कल्पायचा, त्याच्या एका बाजूने किती उष्णता आत येते आणि दुसऱ्या बाजूने किती बाहेर जाते हे मांडायचे, आणि मग तो तुकडा शून्याकडे आकसत न्यायचा. आकसता आकसता तुकडा नाहीसा होतो आणि मागे उरते ते विकलक समीकरण. पुढची शंभरेक वर्षे गणितज्ञांनी हे समीकरणच मूळ धरले आणि ज्या हिशेबातून ते निघाले तो मागे पडला.

समीकरण सुंदर असले तरी बहुतेक खऱ्या आकारांसाठी ते कागदावर सुटत नाही. म्हणून एल. एफ. रिचर्डसन यांनी १९१० च्या सुमारास दगडी धरणातल्या ताणांसाठी अंकगणिती वाट चोखाळली. पदार्थावर चौकोनी जाळी टाकायची, विकलकांच्या जागी शेजारच्या बिंदूंमधले फरक ठेवायचे आणि बेरीज-वजाबाकी करत राहायचे. स्थिर तापमानाच्या प्रश्नात जाळीच्या आतल्या बिंदूसाठी, म्हणजे नोडसाठी, नियम अगदी सुटसुटीत होतो : त्याचे तापमान हे चार शेजाऱ्यांच्या तापमानांची सरासरी.

अडचण काठावर येते. पृष्ठभागावरच्या नोडला एका बाजूला शेजारीच नसतो, तिथे हवा असते. कोपऱ्यावर तर दोन शेजारी नसतात, आणि पृष्ठभागाची लंब दिशा कोणती हेही सांगता येत नाही. फरकांची भाषा इथे अडखळते.

एक उदाहरण घेऊ. १० सेंटिमीटर चौरस छेदाचा लांबलचक काँक्रीटचा खांब आहे. त्याची डावी आणि खालची बाजू १०० अंशांवर धरली आहे, तर उजवी आणि वरची बाजू २० अंशांच्या हवेत उघडी आहे. काँक्रीटची उष्णतावाहकता १ वॅट प्रति मीटर प्रति अंश, आणि हवेकडे उष्णता जाण्याचा गुणांक १० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरू. जाळीचे अंतर ५ सेंटिमीटर घेतले की तीनच अज्ञात उरतात : मधला नोड अ, उघड्या बाजूच्या मध्यावरचा नोड ब (दोन्ही बाजूंना सारखाच), आणि वरचा उजवा कोपरा क. मधल्याचा नियम माहीतच आहे : ४अ = २०० + २ब.

ब साठी पहिल्यांदा सुचतो तो उपाय असा : आतून पृष्ठभागाकडे वहनाने येणारी उष्णता म्हणजेच हवेत जाणारी उष्णता. हे समीकरण मांडले तर ब ६० आणि अ ८० निघतो. दिसायला ठीक आहे, पण ब भोवतालच्या तुकड्याचा हिशेब तपासा. हा तुकडा काठावर असल्याने अर्धाच आहे : ५ सेंटिमीटर उंच आणि अडीच सेंटिमीटर रुंद. खांबाच्या दर मीटर लांबीमागे डावीकडून त्यात २० वॅट येतात आणि हवेत २० वॅट जातात. मात्र खालच्या १०० अंशांच्या नोडकडून, अर्ध्या रुंदीतून का होईना, आणखी २० वॅट येत आहेत. ते कुठे गेले? ते वर कोपऱ्याकडे जायचे, तर कोपऱ्याचे तापमान थेट हवेइतके, २० अंश, असावे लागेल. गरम खांबाच्या कोपऱ्यावर हे शक्य नाही. काठाला समांतर वाहणारी उष्णता आपण विसरलो होतो.

फूरियेंचा तुकडा न आकसता तसाच ठेवला की ही चूक होतच नाही. ब च्या अर्ध्या तुकड्याला चार बाजू आहेत. डावीकडून पूर्ण बाजू, वरून आणि खालून अर्धी बाजू, आणि उजवीकडे हवा. चारी बाजूंनी येणाऱ्या उष्णतेची बेरीज शून्य केली की मिळते : २अ + क + १०० + २० = ५ब. कोपऱ्याचा तुकडा पाव भागच उरतो. त्याला डावीकडून आणि खालून अर्धी-अर्धी बाजू, आणि हवेकडे दोन अर्ध्या बाजू. त्याचे समीकरण : २ब + २० = ३क. तिन्ही सोडवली की अ ८४, ब ६८ आणि क ५२ अंश येतात. लंब दिशेचा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण हिशेब दिशेचा नसून बाजूंचा आहे.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंवर उष्णतारोधक थर असेल तर हवेची दोन्ही पदे गळतात आणि कोपऱ्याचे तापमान डावीकडच्या व खालच्या शेजाऱ्याची सरासरी होते. एकच बाजू झाकली असेल तर एकच पद गळते. या समीकरणाचा एक अर्थ हाताशी ठेवण्याजोगा आहे : सममिती असलेल्या पदार्थाचा पाव भाग घेऊन गणित केले, तर कापलेल्या रेषांमधून उष्णता ओलांडत नाही. म्हणून रोधक कोपरा हा बहुधा मोठ्या पदार्थाचा केंद्रबिंदूच असतो. आरशातले दोन शेजारी धरून चौघांची सरासरी काढली तरी उत्तर तेच येते.

पद्धत पाठ्यपुस्तकात स्थिरावायला वेळ लागला. १९३० च्या दशकात आर. व्ही. साउथवेल यांनी हाताने जाळी सोडवण्याचे तंत्र रूढ केले. हॉवर्ड एमन्स यांनी १९४३ मध्ये ते उष्णतावहनाच्या प्रश्नांना लावले आणि डुसिनबेर यांनी १९४९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि आयआयटी मुंबईतून शिकून गेलेल्या सुहास पाटणकरांच्या १९८० च्या पुस्तकात तर या तुकड्यालाच, म्हणजे कंट्रोल व्हॉल्यूमला, मध्यवर्ती स्थान मिळाले. जाळी कितीही ठोकळ असली तरी एकूण हिशेब तंतोतंत जुळतो, हा गुण त्यांनी ठळकपणे मांडला. आपल्या खांबात तो पडताळता येतो : दोन तापलेल्या बाजूंकडून दर मीटरमागे १०४ वॅट आत येतात आणि दोन उघड्या बाजूंनी १०४ वॅटच बाहेर जातात.

पण इथेच सावध राहायला हवे. जमाखर्च जुळला म्हणजे तापमान बरोबर आले, असे नाही. जाळीचे अंतर अडीच सेंटिमीटर करून तोच खांब पुन्हा सोडवला तर अ ८३.२, ब ६५.६ आणि क ४९.९ येतो. दोन्ही जाळ्यांत हिशेब चोख आहे, तरीही ब अडीच अंशांनी घसरला. अंतर अर्धे केल्यावर चूक साधारण चौथाई होते, या अंदाजाने ब चे खरे मूल्य ६५ च्या किंचित खाली असावे. म्हणजे आधीच्या तोकड्या नियमाचे ६० हे उत्तर ६८ पेक्षाही लांबचे होते.

तेव्हा एकूण ताळेबंद जुळत नसेल तर समीकरण मांडतानाच चूक झाली आहे, आणि ती सहसा काठावरच्या अर्ध्या किंवा कोपऱ्यातल्या पाव तुकड्यात सापडते. ताळेबंद जुळला, तरी जाळी अर्धी करून उत्तर किती हलते हे पाहिल्याशिवाय त्या तापमानावर विश्वास ठेवू नये.