तुराटीतला कार्बन

केंदूरच्या शिवारात तुरीची मळणी आटोपली, की बांधाला तुराट्यांचे ढीग लागतात. त्यातली एक काडी हातात घ्या. मोडून पाहा. वाळलेली असेल तर कट्कन मोडते. या काडीच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन आहे, आणि तो सगळा तुरीच्या पानांनी हवेतून ओढून घेतलेला आहे. आता तो कुठे जाणार, एवढा एकच प्रश्न थोडा वेळ मनात धरू.

एक टन वाळक्या तुराट्या डोळ्यांसमोर आणा. त्यात साधारण 450 किलो कार्बन. ढीग बांधावरच पेटवला, तर संध्याकाळपर्यंत बहुतेक कार्बन हवेत परत जातो. बारीक करून मातीत गाडला, तर जिवाणू आणि बुरशी तो खातात. खाता खाता त्यांच्या श्वासातून तो निघून जातो आणि काही वर्षांनी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. याला नासाडी म्हणू नका. माती जिवंत राहते ती या खाण्यावरच. पण साठवण म्हणाल, तर ती थोडकीच.

आता तिसरी वाट सावकाश पाहू. वर रुंद, तळाशी निमुळता असा खड्डा. तळात थोड्या काड्या वरून पेटवायच्या. त्यांच्यावर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाकायचा. वरची ज्वाळा धूर जाळते आणि खालच्या थराला हवा मिळू देत नाही, म्हणून खालची काडी जळून राख न होता कोळसा होते. ओल्या काड्या टाकल्या, थर घाईने चढवले, की धूर सुटतो. त्या धुरात मिथेनही असतो, आणि मग केल्या कामाचा बराचसा फायदा हातचा जातो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवायचा. निखारे तसेच ठेवले तर सकाळी नुसती राख सापडेल.

विझलेला तुकडा हातात चुरा. हात नुसत्या पाण्याने स्वच्छ झाले तर कोळसा नीट झाला. तेलकट काळपटपणा साबणाशिवाय निघेना, तर त्यात डांबर राहिलं आहे.

त्या एका टनातून साधारण 250 किलो कोळसा हाती येतो. त्यात 185 किलोच्या आसपास कार्बन. म्हणजे निम्म्याहून जास्त खड्ड्यावरच हवेत गेला. हे मान्य करूनच पुढे जायचं. जो राहिला, त्याचे अणू कड्यांमध्ये कड्या गुंतवून बसले आहेत. जिवाणूंना त्या सहज सोडवता येत नाहीत. नीट तापलेल्या कोळशातला 80 ते 90 टक्के कार्बन शंभर वर्षांनंतरही मातीत राहील, असा अंदाज आहे. शंभर वर्षं थांबून कोणी मोजलेलं नाही. काही वर्षांच्या प्रयोगांवरून पुढचा हिशेब केलेला आहे. पण ॲमेझॉनच्या खोऱ्यात माणसांनी घडवलेल्या काळ्या मातीत शेकडो वर्षांपूर्वीचा कोळसा आजही सापडतो.

आता नजर काडीवरून एकरावर न्या. एका एकराची वरची सहा इंच माती सुमारे 800 टन भरते. तिच्यात सेंद्रिय कार्बन 0.4 टक्के धरला तर तो झाला 3.2 टन. तो 0.5 टक्क्यांवर न्यायला 800 किलो हवा, म्हणजे चार टनांहून जास्त तुराट्या. एका एकरात तेवढ्या निघत नाहीत. शिवाय चुलीला तुराट्या लागतात, कुडाला लागतात, आणि ज्वारीचा कडबा तर जनावरांचाच. खरी मर्यादा इथे आहे: शिल्लक राहतं ते थोडं.

पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटाचा कोळसा करणारी भट्टी बनवली. त्या कामाला 2002 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा कांडी करून चुलीसाठी होता. घरातला धूर कमी झाला, हे मोठं काम. पण चुलीत गेलेला कार्बन हवेतच जातो. मातीत ठेवायचा तर तो जाळायचा मोह सोडावा लागतो.

कोरडा कोळसा मात्र तसाच शेतात फेकू नका. पहिल्या हंगामात तो पिकाच्या वाट्याचं नत्र धरून बसू शकतो. आधी शेणकाल्यात किंवा कंपोस्टमध्ये मुरू द्या. आपल्या चुनखडीच्या, विम्लधर्मी जमिनीत हात जपूनच ठेवा, कारण कोळसाही विम्लच. उपयोग दिसला तर आधी हलक्या मुरमाड तुकड्यावर, ओल धरण्यात दिसेल.

आणि माती परीक्षणाच्या पत्रिकेत कार्बन फारसा वाढलेला दिसला नाही तरी खचू नका. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ते क्रोमिक आम्ल कोळशाच्या कड्या पुरत्या फोडू शकत नाही, त्यामुळे घातलेल्यातला बराच कार्बन मोजणीतून सुटतो. म्हणून कोळसा मातीत घालण्याआधी वाळवून त्याचं वजन करा, आणि गट नंबर, तारीख नि किलो वहीत लिहून ठेवा.