पेरुंगुडीचा आणि पेरुंगुडीकर

चेन्नईच्या पेरुंगुडीत नोकरी करणाऱ्या आमच्या एका भाच्याने परवा सहज फर्मावले, "मामा, 'पेरुंगुडीत' काय आणि 'पेरुंगुडीकर' काय, शेवटी प्रत्ययच ना? शब्दाची जात बदलली तर साधित शब्द, नाहीतर विभक्ती. विषय संपला!"

विषय संपत नाही. 'पेरुंगुडी' नाम आणि 'पेरुंगुडीकर'ही नाम. जात बदलली नाही म्हणून 'कर'ला कुणी विभक्ती म्हणेल का? 'त' हा प्रत्यय वाक्य मागते. 'मी पेरुंगुडी राहतो' असे म्हटले की वाक्यच लंगडते. 'कर' वाक्य मागत नाही. तिथल्या माणसाला नाव हवे, म्हणून बोलणारा नवा शब्द घडवतो. या नव्या शब्दाला पुढे पुन्हा विभक्ती लागते, जसे 'पेरुंगुडीकरांना'. 'पेरुंगुडीनाकर' कुणी म्हणत नाही. तमिळमध्येही क्रम हाच आहे: पेरुंगुडि-क्कारर्-गळ्-उक्कु. आधी माणूस घडतो, मग अनेकवचन येते आणि शेवटी विभक्ती.

मराठीत आणखी एक सोपी खूण आहे ती सामान्यरूपाची. पुण्यात, पुण्याला, पण पुणेकर. ठाण्यात, पण ठाणेकर. विभक्तीपुढे मूळ शब्द वाकतो, 'कर'पुढे तसा वाकत नाही. पेरुंगुडीच्या बाबतीत मात्र ही खूण मुकी राहते, कारण त्या नावाचे सामान्यरूप मुळासारखेच आहे.

आता खरी अडचण 'चा'ची. पेरुंगुडीचा रस्ता, पेरुंगुडीची बस, पेरुंगुडीचे तळे. नामाचे विशेषण झाले आणि ते पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलू लागले. भाच्याच्या नियमाने ही षष्ठी विभक्तीतून बाद होते. पण 'पुण्याचा'मध्ये सामान्यरूप आहे आणि 'चा' लागत नाही असे नाम शोधूनही सापडणार नाही. शिवाय 'जुन्या पुण्याचा माणूस' आणि 'जुना पुणेकर' ही जोडी पाहा. पहिल्यात 'जुन्या' हा शब्द पुण्याला चिकटतो, दुसऱ्यात 'जुना' माणसाला. 'पुणेकर' हा शब्द बंद आहे, त्याच्या पोटातल्या पुण्याला बाहेरचे विशेषण पोचत नाही. 'पुण्याचा' आतून अजून नामच आहे, फक्त बाहेरून विशेषणासारखा वागतो. मार्टिन हास्पेलमाट या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली नेमके हेच मांडले की विभक्तीही शब्दाची जात बदलू शकते.

मग आधी नवा शब्द आणि नंतर विभक्ती हा क्रमाचा माझा लाडका नियम तरी टिकतो का? 'पुण्यातला' घ्या: आधी 'त' ही विभक्ती, मग विशेषण करणारा 'ला'. 'जुन्या पुण्यातला' असेही म्हणता येते, म्हणजे पोटातले पुणे इथेही मोकळेच आहे. तेव्हा 'त'नंतर येऊनही हा 'ला' नवा शब्द घडवत नाही असे मानावे, किंवा क्रमाचा नियम ढिला आहे हे कबूल करावे. मला पहिले अधिक पटते.

म्हणून नवशिक्याने जात शेवटी तपासावी. आधी मूळ शब्दाला विशेषण लावून पाहावे. ते आत पोचले तर विकार, अडले तर साधित शब्द.